सर्पदंशाचा अहवाल, एक कागद आणि सीईओंची चार मिनिटं

आमचा अहवाल चांगला जाडजूड झाला होता. साप चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्यावर तिथे नेमकं काय होतं, हे आम्ही एका जिल्ह्यात पाहिलं होतं. केंद्रातल्या नोंदवह्या, औषधांचा साठा, वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांच्या मुलाखती, वाचलेल्या आणि न वाचलेल्यांच्या घरच्यांशी बोलणं, असं सगळं त्यात होतं. २०२५च्या उन्हाळ्यात तो पुरा झाला आणि ‘आता याचं ब्रीफ कर, पावसाच्या आत जिल्हा परिषदेत द्यायचंय’ म्हणून काम माझ्याकडे आलं. ब्रीफ म्हणजे अधिकाऱ्याने काही मिनिटांत वाचून निर्णय घ्यावा असा छोटा कागद.

पावसाच्या आत, हे महत्त्वाचं होतं. देशभरातल्या मृत्यूंवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली निम्मी पावसाळ्याच्या महिन्यांत. जुलैत दिलेलं ब्रीफ म्हणजे पुढच्या वर्षीसाठी ठेवलेलं ब्रीफ. शिवाय मे म्हणजे बदल्यांचा मोसम. आज ज्यांच्याशी बोलायचं त्या जूनमध्ये त्याच खुर्चीत असतील याची खात्री नाही. म्हणजे कागद असा हवा की आम्ही समोर नसतानाही नवीन माणसाला फायलीतून कळला पाहिजे.

अहवालाच्या सुरुवातीला कार्यकारी सारांश होताच. तोच थोडा छाटून द्यावा, असं कुणालाही वाटेल. पण सारांश अहवालाच्या क्रमाने चालतो: पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष आणि शेवटी शिफारशी. अधिकारी नेमका उलटा वाचतो. माझ्याकडून काय हवंय, ते माझ्या अधिकारात आहे का, पैसे कुठून, आधीचा काही शासन निर्णय आहे का, आणि उद्या काही वाकडं झालं तर उत्तर कोण देणार. एवढ्याची उत्तरं मिळाली तरच तो ‘हे तुम्हाला कसं कळलं’ विचारतो. म्हणून सारांश बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न घेतला: हा कागद नेमका कुणाच्या टेबलावर जाणार?

हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी ऊर्फ डीएचओ आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सक ऊर्फ सिव्हिल सर्जन यांच्याकडे, म्हणजे सरळ राज्याच्या आरोग्य विभागाकडे. साप चावलेला माणूस सकाळी एका व्यवस्थेत असतो आणि दुपारी दुसऱ्या. आमच्या शिफारशी दोन्हीकडच्या होत्या आणि अहवालात त्या एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदत होत्या. ती यादी तशीच सीईओंसमोर ठेवली असती तर त्यांनी रास्तपणे म्हटलं असतं की यातलं अर्धं माझ्याकडे येत नाही, आणि त्या अर्ध्याबरोबर उरलेलं अर्धंही बाजूला गेलं असतं.

मी यादी घेऊन बसले आणि प्रत्येक शिफारशीसमोर लिहीत गेले: सही कुणाची, पैसे कुठले, किती दिवसांत होईल. ज्या शिफारशीसमोर ‘सीईओ’, ‘असलेल्या निधीतून’ आणि ‘पावसाच्या आत’ ही तिन्ही उत्तरं आली नाहीत, ती या ब्रीफमधून बाहेर.

सगळ्यांत दुःख एका निष्कर्षाचं झालं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं, आणि त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे काही भागांत हे प्रतिविष कमी पडतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय. आमच्या अहवालात यावर सुंदर प्रकरण होतं. पण जिल्ह्याच्या सीईओ यावर काय करणार? प्रतिविष कुठल्या विषापासून बनवायचं हे त्यांच्या हातात नाही. उलट चार मिनिटांत वाचणाऱ्याच्या डोक्यात एवढंच उरलं असतं की ‘हे औषध नीट चालत नाही म्हणतात’, आणि मग साठा वाढवण्याची आमची मागणी आम्हीच कापली असती. प्रकरण खरं होतं, महत्त्वाचंही होतं. ते दिल्लीच्या कागदात जायला हवं होतं.

शेवटी दोन मागण्या उरल्या. पहिली साठ्याची. राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेप्रमाणे विषबाधेची लक्षणं दिसली की पहिला डोस ८ ते १० कुप्यांचा, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने सोडलेलं विष माणसाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. आता नोंदवहीत काय दिसतं? ‘प्रतिविष उपलब्ध: होय.’ पण कपाट उघडलं तर चार कुप्या. त्या केंद्रात प्रत्यक्षात पहिला डोसही नाही, पण कागदावर ते केंद्र सज्ज आहे. दुसरीकडे, जिथे दंशाचे रुग्ण फारसे येत नाहीत अशा केंद्रांत भरपूर कुप्या मुदत संपण्याकडे चाललेल्या. म्हणजे नवीन खरेदीच्या आधी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलवाहलव करायची होती, आणि ती डीएचओंच्या एका पत्रावर होते.

दुसरी मागणी काचेच्या नळीची. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाचं दोनेक मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त अजून पातळ वाहत असेल तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत न गोठण्याची शक्यता असते. डिटर्जंटने धुतलेल्या काचेच्या नळीचंही तेच. एका केंद्रात मी परिचारिकेला विचारलं की ही चाचणी करता का, तर त्यांनी ट्रेमधली नळी उचलून दाखवली. प्लास्टिकची, जांभळ्या बुचाची. त्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून रसायन आधीच घातलेलं असतं! त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. दुसरी नळी त्या केंद्रात आलीच नव्हती.

या दोन मागण्यांच्या मागे एकच मोठा निष्कर्ष होता: केंद्रातून रुग्णाला पहिला डोस न देता पुढे पाठवलं जातं, आणि तो वेळ रस्त्यात जातो. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधतं. जे नुकसान होऊन गेलं ते परत आणत नाही. म्हणून उशीर महाग पडतो. डॉक्टर डोस का देत नाहीत? मुलाखतींत पुन्हा पुन्हा आलेलं कारण म्हणजे भीती. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, रुग्ण तिथल्या तिथे कोसळू शकतो आणि बाहेर शंभर माणसं उभी असतात. त्यावर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हा उपाय आहे, ते केंद्रात असतंही, पण वापरायचा सराव नाही. काही जण आधी कातडीवर चाचणी डोस देऊन पाहतात. मार्गदर्शिका तो देऊ नका म्हणते, कारण त्याने प्रतिक्रिया येणार की नाही हे कळत नाही आणि वेळ मात्र जातो.

हा निष्कर्ष लिहिताना आमच्यात खरी वादावादी झाली. नोंदवह्यांतून एक फार मोहक वाक्य निघत होतं: ज्यांना केंद्रातच पहिला डोस मिळाला त्यांच्यात मृत्यू कमी. हे वाक्य ठळक अक्षरांत वर टाकलं की अधिकाऱ्याला दुसरं काही वाचायचीही गरज नाही. आमचा आकडेवारी पाहणारा सहकारी म्हणाला, ‘हे नाही जायचं.’ कारण ज्यांची अवस्था आधीच बिकट, त्यांना डॉक्टर हात न लावता पुढे पाठवतात, आणि ज्यांची बरी असते त्यांच्यावर केंद्रात उपचार होतात. म्हणजे केंद्रात उपचार झालेले जास्त वाचले यात डोसचा वाटा किती आणि मुळातच बरे असण्याचा किती, हे आमच्या नोंदींवरून सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, शिफारस तर बरोबरच आहे ना? तो म्हणाला, शिफारस बरोबर असली तरी तिला चुकीचा टेकू देऊ नये. डीएचओ स्वतः डॉक्टर आहेत, पहिला प्रश्न तेच विचारतील, आणि तिथे आपण गडबडलो की सगळा कागद संशयास्पद होतो.

वाक्य गेलं. त्याच्या जागी आलं ते कमी चमकदार, पण कुणालाही तपासता येईल असं:

‘राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार विषबाधेची लक्षणं दिसताच पहिला डोस द्यायचा आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक केंद्रांतून रुग्ण डोस न देता पुढे पाठवले गेले. कारणं दोन: कुप्या अपुऱ्या आणि प्रतिक्रियेची भीती.’

यात डोसमुळे किती जीव वाचले याचा दावा नाही. शासनाने स्वतः ठरवून दिलेली पद्धत आणि प्रत्यक्षात होणारी गोष्ट यांतलं अंतर आहे. माझ्या अनुभवात अधिकाऱ्यांपुढे हेच जास्त वजनदार ठरतं, कारण ते अंतर भरणं हे त्यांचं कामच आहे आणि त्यासाठी कुणाची वेगळी मान्यता लागत नाही.

दुसरा घोळ जिल्ह्याच्या आकड्याचा. ‘आपल्या जिल्ह्यात दरवर्षी किती जण मरतात?’ हा प्रश्न येणार हे ठरलेलं. ५८ हजारांना लोकसंख्येने भागून जिल्ह्याचा वाटा काढणं हाताशी होतं, पण ते सरळ चूक झालं असतं. त्याच अभ्यासात जवळजवळ ७० टक्के मृत्यू आठ राज्यांत असल्याचं म्हटलंय, आणि त्या आठांत महाराष्ट्र नाही. हे लपवून राष्ट्रीय आकडा वर टाकणारी ब्रीफं मी पाहिली आहेत. एखाद्या अधिकाऱ्याने मूळ अभ्यास उघडला की संपलं.

मग जिल्ह्यातलेच कागद पाहिले. रुग्णालयांच्या नोंदी, पोलिसांकडचे आकस्मिक मृत्यूचे दाखले आणि शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतले अर्ज, कारण त्या योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि जुळायचं कारणही नव्हतं. एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो, आणि जो घरीच, देवऋष्याच्या ओट्यावर किंवा रस्त्यात गेला आणि ज्याचा पंचनामा झाला नाही, तो कुठेच नसतो. घरी जाणारे थोडे नसतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आधीच्या राष्ट्रीय अभ्यासात सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी फक्त २३ टक्के रुग्णालयात झालेले होते. तिन्ही नोंदी ताडून, दुहेरी नावं गाळून जी संख्या राहिली ती आम्ही दिली आणि तिच्या शेजारीच लिहिलं: ‘हा कमीत कमी आकडा आहे. घरी झालेले आणि नोंद न झालेले मृत्यू यात नाहीत.’ अंदाजाची पट्टी, ९५ टक्के विश्वासमर्यादा वगैरे काही नाही. सहकाऱ्याने यावर मात्र हरकत घेतली नाही. मोजलेली संख्या आणि अंदाज यांत फरक आहे, आणि ही मोजलेली होती.

आता मांडणी. एकच कागद, पाठपोट. ‘दोन पानं’ आणि ‘एक कागद’ यात फरक आहे, कारण पिन निघाली की दुसरं पान हरवतं. डावीकडे रुंद समास मोकळा सोडला. अधिकारी शेरा तिथेच मारतात, आणि जागा नसली की शेरा पाठीमागे जातो किंवा मारलाच जात नाही. करडी छटा, रंगीत चौकोन काही नाही, कारण या कागदाचा पुढचा प्रवास मला माहीत होता: स्वीय सहायक मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर डीएचओंना पाठवणार, ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकणार. त्या फोटोच्या फोटोतही अक्षर वाचता आलं पाहिजे. मजकूर तयार झाल्यावर मी छापील पानाचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून पाहत असे. आठ रकान्यांचा तक्ता त्यातच बाद झाला.

नकाशाचा मोह सगळ्यांनाच होता. केंद्रं लाल, पिवळी, हिरवी. पण लाल ठिपक्यावर नजर गेली की पहिला प्रश्न ‘हा कुठला तालुका, कोण आहे तिथे’ असा येतो आणि बैठक साठ्याच्या ऐवजी माणसांवर घसरते. त्या तालुक्याचा अधिकारी मग आपल्या आकड्यांचा बचाव करण्यातच वेळ घालवतो. नकाशा काढला. मागच्या बाजूला साधी यादी ठेवली: दहापेक्षा कमी कुप्या असलेली केंद्रं, समोर कुप्यांची संख्या, आणि कुठल्या केंद्रातून किती हलवता येतील. आकडे त्यांच्याच औषधसाठ्याच्या ई-औषधी प्रणालीतले, खाली तारीख. साठा रोज बदलतो, त्यामुळे यादी भेटीच्या सकाळीच छापायची असं ठरवलं. जुना आकडा दिसला की ‘आता तसं नाही राहिलं’ म्हणायला मोकळीक मिळते.

पहिल्या बाजूची सुरुवात अशी होती:

‘विनंती: १५ जूनपूर्वी (१) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किमान १० कुप्या ठेवाव्यात, सध्याच्या साठ्याच्या फेरवाटपातून हे बहुतांश शक्य आहे. (२) प्रत्येक केंद्रात नव्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळ्या ठेवाव्यात. खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून शक्य आहे. दोन्हीसाठी पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे.’

खाली तीन छोटे परिच्छेद: काय दिसलं, का महत्त्वाचं, काय माहीत नाही. डॉक्टरांच्या सरावाचा विषय स्वतंत्र मागणी म्हणून ठेवला नाही. मासिक बैठकीत ॲड्रिनलिन आणि २० मिनिटांची चाचणी यांवर अर्धा तास द्यावा, एवढं वाक्य मसुद्याच्या पत्रात घातलं. प्रशिक्षण म्हटलं की वेगळी तरतूद, वेगळं वेळापत्रक आणि पावसाळा संपतो.

मग चाचणी. ओळखीचे एक निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी आहेत. त्यांना कागद दिला, तीन-चार मिनिटांनी परत घेतला आणि विचारलं, ‘सर, तुम्ही असता तर उद्या काय केलं असतं?’ ते म्हणाले, ‘जनजागृती. आशाताईंना गावोगाव सभा घ्यायला सांगितलं असतं.’ मी चाट पडले. मागणी तर वर ठळक होती! शोधलं तर तिसऱ्या परिच्छेदात एक ओझरतं वाक्य होतं, लोक आधी देवऋष्याकडे जातात म्हणून जनजागृतीही हवी असं. त्यांच्या नजरेने बरोबर तेच उचललं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? कुणाला न दुखावता, काही खरेदी न करता, लगेच आदेश देता येईल अशी त्या कागदावरची तेवढीच गोष्ट होती. सभा होतात, फोटो येतात, अहवाल जातो. पण सभेला जाऊन शहाणा झालेला माणूस केंद्रात आला आणि तिथे चार कुप्या असल्या, तर त्याने करायचं काय? वाक्य काढलं. दुसऱ्या एका डॉक्टरांना तसाच कागद दिला, तेव्हा त्यांनी पाठीमागची यादी उलटून आधी आपल्या जुन्या केंद्राचं नाव शोधलं. म्हणजे कागद चालत होता.

प्रत्यक्ष भेट मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. त्या वर्षी पावसाने घाई केली होती, २६ मे रोजी तो मुंबईत पोचलाही. आमच्या १५ जूनला आता फारसा अर्थ उरला नव्हता, म्हणून सकाळी यादी छापताना तारीख बदलून ‘तातडीने’ केलं. सीईओ मॅडम एका व्हिडिओ कॉन्फरन्समधून उठून दुसरीला बसणार होत्या. डीएचओ बाजूला उभे. मॅडमनी वरचा परिच्छेद वाचला, कागद उलटला, यादीवर बोट फिरवलं.

‘फेरवाटप केलं आणि जिथून काढलं तिथेच उद्या कुणाला चावलं तर?’

हा प्रश्न आम्ही धरलेला होता. कुठल्याही केंद्रातला साठा दहाच्या खाली न नेता यादी केली होती, ते दाखवलं. ‘बहुतांश’ हा शब्द त्यासाठीच होता, दोन-तीन केंद्रांना जिल्हा भांडारातून द्यावं लागणार होतं.

‘आणि रिअ‍ॅक्शन आली, पेशंट पीएचसीत दगावला तर? माझे डॉक्टर मार खातील.’

याचं उत्तर डीएचओंनीच दिलं, ते बरं झालं. ते म्हणाले, ‘मॅडम, मार्गदर्शिका डोस द्यायला सांगते. दिला तर डॉक्टरच्या पाठीशी कागद आहे. न देता पाठवला आणि रस्त्यात गेला, तर कागद त्याच्या विरोधात आहे.’ ब्रीफमध्ये मी हे इतकं स्पष्ट लिहिलं नव्हतं. बाहेरच्या माणसाने असं लिहिणं धमकीसारखं वाटलं असतं.

‘ग्रामीण रुग्णालयांचं काय?’

‘ते सिव्हिल सर्जनांकडे, मॅडम. त्यांच्यासाठी वेगळा कागद केलाय.’

‘बरं.’ समासात शेरा पडला: ‘डीएचओ – आजच पत्र काढावे. सर्व टीएचओ यांनी आठ दिवसांत पूर्तता अहवाल द्यावा.’ मसुद्याच्या पत्रावर डीएचओंनी दोन ओळी बदलल्या आणि तेच पत्र गेलं. केंद्राच्या राष्ट्रीय सर्पदंश कृती आराखड्याचा, म्हणजे २०२४ साली आलेल्या आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणणाऱ्या आराखड्याचा संदर्भ आम्ही मसुद्यात आधीच घातला होता. पत्राच्या ‘संदर्भ’ या रकान्यात काहीतरी लागतंच, आणि ते शोधण्यात कारकुनाचे दोन दिवस जाऊ नयेत.

कुप्यांची हलवाहलव ठरल्याप्रमाणे झाली, कारण तिच्यात खरेदी नव्हती. नळ्यांचं मात्र वेगळंच झालं. काही केंद्रांच्या मागणीपत्रात फक्त ‘टेस्ट ट्यूब, नग’ असं लिहून गेलं आणि पुरवठादाराने स्वस्तातल्या प्लास्टिकच्या दिल्या. ‘काचेच्या’ हा शब्द पत्रात होता, पण पत्रावरून मागणीपत्र करणाऱ्याला तो फालतू विशेषणासारखा वाटला असावा, आणि का लागतो ते पत्रात कुठेच नव्हतं. मी दुसऱ्या पत्रासाठी डीएचओंच्या कार्यालयाला एक ओळ लिहून दिली: ‘नळी काचेची, नवी व न धुतलेली असावी, प्लास्टिकच्या नळीत चाचणी चुकीची येते, ती स्वीकारू नये.’ सिव्हिल सर्जनांच्या कागदात ही ओळ सुरुवातीपासूनच घातली, विनंतीच्या परिच्छेदातच, आणि त्यासाठी तिथला पद्धतीचा परिच्छेद आणखी आखडला. तो कागद सध्या त्यांच्या कार्यालयात आहे. ग्रामीण रुग्णालयांत प्रश्न कुप्यांचा कमी आणि मण्यार चावलेल्या रुग्णाला श्वास देत राहण्याचा जास्त आहे, त्यामुळे तिथली मागणी वेगळी आहे, आणि तिच्यासाठी लागणारा निधी रुग्ण कल्याण समितीतून भागणारा नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत तो विषय घ्यायचा तर प्रस्ताव कुणी करायचा, यावर आत्ता आमचं बोलणं चालू आहे.